उत्कलनबिंदूतील वाढ: विचरण विसरलेले उत्तर कसे ओळखावे?

कोलिगेटिव्ह गुणधर्मांवरील उदाहरणांत एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. सूत्र बरोबर असते, आकडेमोड बरोबर असते, एकक बरोबर असते, आणि तरीही उत्तर निम्मे किंवा एक-तृतीयांश येते. याचे कारण विरघळलेल्या पदार्थाचे आयनांत होणारे विचरण हिशोबात घेतलेले नसते. अशी चूक आकडेमोड पुन्हा तपासून सापडत नाही, कारण आकडेमोडीत काहीच चुकलेले नसते. ती सापडण्यासाठी उत्तराकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. या पाठात आपण उत्कलनबिंदूतील वाढ हा एकच गुणधर्म घेऊन, हाती आलेले उत्तर कसे तपासायचे ते पाहू.

उदाहरण आणि त्याचे एक उत्तर

प्रश्न असा आहे: ११.७ ग्रॅम मीठ (NaCl) ५०० ग्रॅम पाण्यात विरघळवले. विचरण पूर्ण होते असे मानून द्रावणाचा उत्कलनबिंदू काढा. पाण्यासाठी Kb = ०.५१२ K kg/mol, मिठाचे मोलर वस्तुमान ५८.५ ग्रॅम प्रति मोल, बाह्य दाब १ वातावरण.

एका विद्यार्थ्याने ते असे सोडवले:

मिठाचे मोल = ११.७ ÷ ५८.५ = ०.२

मोलॅलिटी = ०.२ ÷ ०.५ = ०.४ मोल प्रति किलोग्रॅम

ΔTb = Kb × m = ०.५१२ × ०.४ = ०.२०५ K

उत्कलनबिंदू = १०० + ०.२०५ = १००.२०५ °C

प्रत्येक ओळ आपापल्या जागी बरोबर आहे. पण तिसऱ्या ओळीतले सूत्र या पदार्थासाठी अपुरे आहे. पूर्ण सूत्र असे:

ΔTb = i × Kb × m

येथे i म्हणजे व्हॅन्ट हॉफ गुणांक. मिठाच्या एका एककापासून एक Na⁺ आणि एक Cl⁻ असे दोन कण मिळतात, म्हणून पूर्ण विचरण मानल्यास i = २. मग ΔTb = २ × ०.५१२ × ०.४ = ०.४१० K आणि उत्कलनबिंदू १००.४१ °C. विद्यार्थ्याची वाढ बरोबर निम्मी आली.

आता शेवटच्या ओळी शेजारी ठेवून पाहा: १००.२०५ आणि १००.४१. या दोन संख्यांतला फरक एक टक्कासुद्धा दिसत नाही, त्यामुळे नुसता उत्कलनबिंदू पाहून चूक लक्षात येत नाही. म्हणून तपासणीचा पहिला नियम असा: उत्कलनबिंदू तपासू नका, त्यातली वाढ तपासा. शंभर अंश हे पाण्याचे आहेत, द्राव्याचे काम फक्त ΔTb मध्ये दिसते.

कण मोजायचे, पदार्थ नव्हे

द्रव उकळतो तेव्हा त्याचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाइतका झालेला असतो. पाण्यात अबाष्पनशील पदार्थ विरघळवला की पाण्याचा बाष्पदाब कमी होतो, आणि तो पुन्हा बाहेरच्या दाबाइतका करण्यासाठी तापमान थोडे अधिक वाढवावे लागते. ही जास्तीची वाढ म्हणजे ΔTb. विरल द्रावणात बाष्पदाब किती कमी होईल हे द्राव्याचे कण किती आहेत यावर ठरते, ते कशाचे आहेत यावर नाही. साखरेचा मोठा रेणू आणि सोडिअमचा छोटा आयन या हिशोबात सारखेच, दोघेही एक-एक कण.

म्हणूनच Kb × m या गुणाकारात एक गृहीतक लपलेले आहे. आपण m काढतो ती बाटलीवर लिहिलेल्या सूत्रावरून, म्हणजे किती मोल पदार्थ घातला त्यावरून. पाण्यात प्रत्यक्ष किती मोल कण आहेत हे m सांगत नाही. ग्लुकोज, साखर, युरिया यांच्या बाबतीत दोन्ही संख्या सारख्या असतात. मिठाच्या बाबतीत त्या सारख्या नसतात, आणि i हा गुणांक हीच दरी भरून काढतो.

हा गुणांक आधी आला आणि त्याचे स्पष्टीकरण नंतर मिळाले. व्हॅन्ट हॉफ यांना क्षारांच्या द्रावणांसाठी आपल्या समीकरणात i घालावा लागला, कारण मोजलेले परिणाम हिशोबापेक्षा मोठे येत होते. १८८७ मध्ये अऱ्हेनिअस यांनी आयनांत विचरणाची कल्पना मांडली आणि i चा अर्थ कळला. म्हणजे आपल्या विद्यार्थ्याला कमी पडलेला गुणांक, अपेक्षेपेक्षा मोठ्या आलेल्या मोजमापांतूनच रसायनशास्त्रात आला आहे.

सूत्रात आकडे घालण्यापूर्वी तीन प्रश्न

पहिला प्रश्न: पदार्थ पाण्यात आयन देतो का? धातूचे क्षार, अमोनिअम क्षार, तीव्र आम्ले आणि तीव्र आम्लारी आयन देतात. साखर, ग्लुकोज, युरिया, ग्लिसरॉल देत नाहीत, त्यांच्यासाठी i = १. ॲसिटिक आम्लासारखे सौम्य आम्ल मधल्या जागी येते. त्याचे ०.१ मोलॅलिटीच्या द्रावणात जेमतेम एक टक्का विचरण होते, म्हणून i सुमारे १.०१ येतो आणि विचरणाने वाढीच्या दुसऱ्या सार्थ अंकाला जेमतेम धक्का लागतो. अशा ठिकाणी विचरण सोडून देणे ही चूक नसून योग्य अंदाज आहे. मात्र प्रश्नात विचरणाचे प्रमाण दिले असेल तर ते वापरायलाच हवे.

दुसरा प्रश्न: एका एककापासून किती आयन मिळतात? येथे अणू मोजण्याची चूक होते. K₂SO₄ मध्ये सात अणू आहेत, पण पाण्यात त्यातून दोन K⁺ आणि एक SO₄²⁻ असे तीनच आयन मिळतात. सल्फेटमधील सल्फर आणि ऑक्सिजन एकमेकांना धरून राहतात. तसेच K₄[Fe(CN)₆] पासून चार पोटॅशिअम आयन आणि एक जटिल आयन असे पाच कण मिळतात. विचरणाचे समीकरण एकदा कागदावर लिहिले की ही चूक होत नाही:

K₂SO₄ → 2K⁺ + SO₄²⁻

तिसरा प्रश्न: विचरण किती प्रमाणात? एका एककापासून n आयन मिळत असतील आणि α इतका अंश विचरित होत असेल, तर

i = 1 + α(n − 1)

हे सूत्र पाठ करण्यापेक्षा समजून घेणे सोपे आहे. एक मोल पदार्थापैकी α मोल फुटला, तर (१ − α) मोल न फुटता राहिला आणि फुटलेल्यापासून nα मोल आयन मिळाले. बेरीज केली की वरचे सूत्र मिळते. α = ० घातल्यास i = १ येतो आणि α = १ घातल्यास i = n येतो. म्हणून आयन देणाऱ्या पदार्थासाठी i नेहमी १ आणि n यांच्या मधे असला पाहिजे. मिठासाठी कोणाचा i २.४ आला असेल तर पुढे वाचण्याची गरज नाही, मागे काहीतरी चुकलेले आहे.

भागाकाराची कसोटी

आता समजा तुमच्याकडे तयार उत्तर आहे आणि त्यात काय चुकले ते शोधायचे आहे. सर्वांत उपयोगी युक्ती म्हणजे मिळालेल्या वाढीला अपेक्षित वाढीने भागणे. प्रत्येक चूक भागाकारात आपली वेगळी खूण ठेवते. वरच्याच मिठाच्या उदाहरणात (अपेक्षित वाढ ०.४१० K) निरनिराळ्या चुकांची उत्तरे अशी येतात:

| काय चुकले | मिळालेली ΔTb | भागाकार |
|---|---|---|
| i विसरला | ०.२०५ K | ०.५० |
| पाण्याऐवजी द्रावणाचे वस्तुमान (५११.७ ग्रॅम) घेतले | ०.४०० K | ०.९८ |
| Kb ऐवजी Kf (१.८६) वापरला | १.४९ K | ३.६३ |
| i विसरला आणि Kf ही वापरला | ०.७४४ K | १.८२ |

विचरण विसरल्याचा भागाकार नेहमी १/n येतो, म्हणजे दोन आयनांच्या क्षारासाठी ०.५०, तीन आयनांच्या क्षारासाठी ०.३३. तो इतका नेटका येतो की सहसा दुसऱ्या चुकीशी त्याची गल्लत होत नाही. द्रावकाऐवजी द्रावणाचे वस्तुमान घेतल्याने विरल द्रावणात दोन-तीन टक्क्यांचाच फरक पडतो. चुकीचा स्थिरांक घेतल्यास ३.६३ सारखा ओबडधोबड आकडा येतो, कारण दोन स्थिरांकांत पूर्णांकी नाते नाही.

शेवटची ओळ मुद्दाम दिली आहे. दोन चुका एकत्र झाल्या तर भागाकार दोनच्या जवळ जातो आणि कोणी i दोनदा गुणला की काय अशी शंका येते. पण i दोनदा गुणला असता तर भागाकार बरोबर २.०० आला असता. १.८२ आला तेव्हा त्याला ३.६३ ने भागून पाहावे. उत्तर ०.५० आले की दोन्ही चुका उघड होतात.

एक सावधगिरी. काही पुस्तके पाण्याचा Kb ०.५१२ घेतात, काही ०.५२ घेतात. त्यामुळे उत्तरात दीड टक्क्याचा फरक पडतो. ती चूक नव्हे. भागाकार ०.९८ ते १.०२ या पट्ट्यात असेल तर आधी कोणता स्थिरांक वापरला ते विचारा.

उलटे उदाहरण: वाढीवरून मोलर वस्तुमान

परीक्षेत हा प्रश्न उलट दिशेनेही येतो. वाढ दिलेली असते आणि मोलर वस्तुमान काढायचे असते. या वेळी विचरण विसरल्याचा परिणाम कोठे दिसतो ते पाहण्यासाठी कॅल्शिअम क्लोराइड घेऊ.

६.६६ ग्रॅम निर्जल CaCl₂ ३०० ग्रॅम पाण्यात विरघळवले असता उत्कलनबिंदू ०.३०७ K ने वाढतो असे दिले आहे. विचरण पूर्ण आहे. मोलर वस्तुमान काढा.

i विसरून सोडवल्यास:

m = ०.३०७ ÷ ०.५१२ = ०.६०

मोल = ०.६० × ०.३ = ०.१८

मोलर वस्तुमान = ६.६६ ÷ ०.१८ = ३७ ग्रॅम प्रति मोल

हे उत्तर तपासायला अपेक्षित उत्तर माहीत असण्याचीही गरज नाही. एकट्या कॅल्शिअमचे अणुवस्तुमान ४० आहे. कॅल्शिअम ज्याच्या पोटात आहे त्या संयुगाचे वस्तुमान ३७ असूच शकत नाही. एखाद्या घटक मूलद्रव्यापेक्षाही संयुग हलके निघाले, तर विचरण विसरले असण्याची शंका सर्वांत आधी घ्यावी.

आता i = ३ घेऊन पाहू, कारण CaCl₂ पासून एक Ca²⁺ आणि दोन Cl⁻ मिळतात.

m = ०.३०७ ÷ (३ × ०.५१२) = ०.२०

मोल = ०.२० × ०.३ = ०.०६

मोलर वस्तुमान = ६.६६ ÷ ०.०६ = १११ ग्रॅम प्रति मोल

अणुवस्तुमानांची बेरीज ४० + ७१ = १११ येते, म्हणजे उत्तर जुळले. आधीचे ३७ हे १११ च्या बरोबर एक-तृतीयांश आहे. दिशा नीट लक्षात ठेवावी. कण प्रत्यक्षात जास्त असतात. ते सगळे पदार्थाचे अखंड रेणू आहेत असे आपण समजलो, तर तेवढ्याच वजनात रेणू जास्त आहेत असे वाटते आणि प्रत्येक रेणू हलका भासतो. म्हणून विचरण विसरल्यास मोलर वस्तुमान नेहमी खऱ्यापेक्षा कमी येते.

याच्या उलट घडण्याचेही एक कारण आहे. बेंझिनमध्ये बेंझॉइक आम्लाचे दोन-दोन रेणू हायड्रोजन बंधाने जोडले जातात. कण घटतात, i सुमारे ०.५ होतो आणि मोलर वस्तुमान जवळजवळ दुप्पट येते. तेव्हा उत्तर कमी आले तर विचरणाचा विचार करावा आणि जास्त आले तर रेणू जोडले जाण्याचा. मात्र जास्त उत्तराचे आणखी एक कारण पुढे येत आहे.

मोजलेला आकडा i = n शी का जुळत नाही

आतापर्यंत आपण पूर्ण विचरण मानले. प्रत्यक्ष मोजमाप केल्यास मिठाच्या द्रावणासाठी i नेमका २ येत नाही. पाठ्यपुस्तकांतल्या कोष्टकांत मिठाचे आकडे असे दिसतात: ०.१ मोलॅलिटीला १.८७, ०.०१ ला १.९४, ०.००१ ला १.९७. द्रावण जितके विरल तितका i दोनच्या जवळ जातो. मॅग्नेशिअम सल्फेटचेही आयन दोनच, पण त्याचे आकडे याच क्रमाने १.२१, १.५३ आणि १.८२ असे आहेत.

याचा अर्थ द्रावणात न फुटलेले मीठ शिल्लक आहे असा घेऊ नये. मीठ पाण्यात जवळजवळ पूर्ण आयनरूपातच असते. पण विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना ओढतात, त्यामुळे ते पूर्ण स्वतंत्र कणांसारखे वागत नाहीत. काही आयन काही काळ जोडीनेही फिरतात. Mg²⁺ आणि SO₄²⁻ यांच्यावर प्रत्येकी दोन प्रभार असल्याने ही ओढ मिठापेक्षा खूप अधिक असते, म्हणून त्याचा i इतका घसरतो.

तपासणी करणाऱ्याला याचा उपयोग असा. समजा वरच्या CaCl₂ द्रावणाची वाढ दिलेली नसून प्रयोगशाळेत मोजलेली आहे आणि ती ०.२६६ K आली. तीन विद्यार्थ्यांनी तीन प्रकारे मोलर वस्तुमान काढले:

i = १ घेतल्यास सुमारे ४२.७

i = ३ घेतल्यास सुमारे १२८

i = २.६ घेतल्यास सुमारे १११

पहिले उत्तर खऱ्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, तेथे विचरण विसरले आहे. दुसरे उत्तर खऱ्यापेक्षा पंधरा टक्के जास्त आहे. या विद्यार्थ्याने विचरण विसरले नाही, फक्त आदर्श i वापरला. हीच ती मघाशी सांगितलेली दुसरी शक्यता. या दोघांना एकसारखे चूक ठरवणे योग्य नाही. पहिल्याने कण मोजलेच नाहीत. दुसऱ्याने कण बरोबर मोजले, पण ते एकमेकांपासून पूर्ण अलिप्त आहेत असे मानले.

म्हणून प्रश्नाची भाषा नीट वाचावी. “विचरण पूर्ण होते असे माना” असे लिहिले असेल तर i = n घ्यावा. विचरणाचे प्रमाण किंवा i ची किंमत दिली असेल तर तीच वापरावी. आणि काहीच न सांगता क्षार दिला असेल तर i = n घेऊन, आपण पूर्ण विचरण मानले आहे हे एका वाक्यात लिहावे.

आणखी एक मर्यादा येथेच नोंदवू. हायड्रोक्लोरिक आम्ल पाण्यात पूर्ण विचरित होते, पण ते बाष्पनशील आहे. उकळताना तेही वाफेत जाते, त्यामुळे त्याच्या द्रावणाला हे सूत्रच लागू पडत नाही. योग्य i घालून ते लागू होणार नाही. सूत्रातले “अबाष्पनशील” हे अट सांगणारे विशेषण आहे.

चंचुपात्रात तपासणी

ज्यांना ही गोष्ट डोळ्यांनी पाहायची आहे त्यांनी दोन द्रावणे शेजारी ठेवावीत. एकात ५०० ग्रॅम पाण्यात ३६ ग्रॅम ग्लुकोज, दुसऱ्यात ५०० ग्रॅम पाण्यात ११.७ ग्रॅम मीठ. दोन्हींची मोलॅलिटी ०.४ आहे. ग्लुकोजच्या द्रावणाची वाढ सुमारे ०.२० K आली पाहिजे. मिठाची वाढ ०.३७ ते ०.३९ K च्या आसपास येईल. मिठाच्या वाढीला ग्लुकोजच्या वाढीने भागले की i थेट मिळतो, आणि त्यासाठी Kb माहीत असण्याचीही गरज नाही.

पण येथे आपण अंशाच्या दशांशांत मोजतो आहोत, म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, एक-एक अंशाच्या खुणा असलेला थर्मामीटर या कामाचा नाही. अंशाचा शंभरावा भाग दाखवणारे साधन हवे. बेकमन थर्मामीटर यासाठीच आहे, तो तापमान न सांगता तापमानातला फरक सांगतो. थर्मामीटरचा फुगा द्रवात बुडालेला हवा. तो वाफेत राहिला तर त्यावर शुद्ध पाणी साचते आणि वाढ दिसतच नाही.

दुसरी गोष्ट हवेचा दाब. १०० अंशांच्या आसपास दाब १ मिलिमीटर पाऱ्याने बदलला तर पाण्याचा उत्कलनबिंदू ०.०३७ अंशांनी बदलतो. सकाळी शुद्ध पाणी मोजले, दुपारी द्रावण मोजले आणि मधे दाब ५ मिलिमीटरने बदलला, तर ०.१८ अंशांचा फरक पडेल. ग्लुकोजची सगळी वाढ तेवढीच आहे. म्हणून शुद्ध पाणी आणि दोन्ही द्रावणे एकाच बैठकीत मोजावीत. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना आणि बेंगळुरूला सुमारे ९७ अंशांना उकळते. तेथे १०० वजा करून वाढ काढणारा विद्यार्थी ऋण उत्तर लिहील. वजा करायचा तो त्याच जागी, त्याच वेळी मोजलेला पाण्याचा उत्कलनबिंदू.

तिसरी गोष्ट वाफेने उडून जाणारे पाणी. ५०० ग्रॅमपैकी ५० ग्रॅम पाणी उडाले तर मिठाची मोलॅलिटी ०.४ वरून ०.४४४ होते, म्हणजे वाढ अकरा टक्क्यांनी फुगते. मग १.८५ च्या ऐवजी i २.०५ मिळतो आणि “विचरण पूर्ण झाले” असा चुकीचा निष्कर्ष निघतो. मघाची मर्यादा आठवा: मिठाचा i दोनच्या वर जाऊ शकत नाही. गेला तर पाण्याचे वजन पुन्हा करा.

स्वतः तपासा

खालील तीन उत्तरे विद्यार्थ्यांनी लिहिली आहेत. प्रत्येकात काय चुकले ते आधी स्वतः शोधा आणि मग पुढे वाचा. Kb = ०.५१२ K kg/mol घ्या आणि क्षारांचे विचरण पूर्ण माना.

१. ०.३ मोलॅलिटीच्या युरियाच्या द्रावणाची वाढ ०.३०७ K.

२. ०.१ मोलॅलिटीच्या K₂SO₄ द्रावणाची वाढ ०.३५८ K.

३. एका पोटॅशिअम हॅलाइडचे ४.४७ ग्रॅम २०० ग्रॅम पाण्यात विरघळवल्यावर वाढ ०.३०७ K. उत्तर: मोलर वस्तुमान ३७.२५, “कोणताही हॅलाइड जुळत नाही.”

पहिल्यात युरियाला i = २ लावला आहे. युरिया आयन देत नाही, योग्य वाढ ०.१५४ K. विचरण विसरण्याची ही उलट बाजू आहे: नसलेले विचरण धरणे.

दुसऱ्यात सात अणू मोजले आहेत. योग्य वाढ ३ × ०.५१२ × ०.१ = ०.१५४ K, भागाकार २.३३ म्हणजे ७/३. ही वाढ पहिल्या प्रश्नातल्या युरियाइतकीच आहे हे लक्षात आले का? दोन्ही द्रावणांत प्रति किलोग्रॅम पाण्यात ०.३ मोल कण आहेत, म्हणून आदर्श हिशोबात ती एकाच तापमानाला उकळतात.

तिसऱ्यात विचरण विसरले आहे. ३७.२५ हे पोटॅशिअमच्या ३९ पेक्षाही कमी आहे, तेथेच थांबायला हवे होते. i = २ घेतल्यास मोलर वस्तुमान ७४.५ येते. त्यातून ३९ वजा केल्यास ३५.५ उरतात, आणि हॅलाइड सापडतो: क्लोराइड.